एक तासाच्या कॉलचा अजेंडा : मिनिटे कशी वाटायची आणि उद्दिष्ट कसे लिहायचे?

शब्दसाखळी (बुधवार)

आमचा नऊ जणांचा गट आहे. तक्रारी नोंदवण्याची जुनी प्रणाली बंद करून नवी सुरू करण्याचे काम आमच्याकडे सोपवलेले आहे. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी सकाळी अकरा ते बारा असा कॉल असतो. तो मी बोलावते आणि त्याचा अजेंडाही मीच पाठवते. कालच्या कॉलचा अजेंडा असा होता : मागील कामांचा आढावा, १० मिनिटे, जुनी प्रणाली बंद करण्याबाबत चर्चा, १५ मिनिटे, प्रशिक्षण, १५ मिनिटे, वाढीव खर्च, १० मिनिटे, आणि आयत्या वेळचे विषय, १० मिनिटे.

प्रत्यक्षात आढावाच अकरा वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत चालला. जुन्या प्रणालीविषयी पुष्कळ बोलणे झाले, पण ती कधी बंद करायची हे ठरले नाही. वाढीव खर्चाचा विषय सलग तिसऱ्यांदा पुढे गेला. अजेंडा मी कॉलच्या अर्धा तास आधी पाठवला होता, त्यामुळे तो कोणी वाचून आले असेल असे मी म्हणू शकत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. मिनिटे अंदाजाने न लिहिता ठरवण्याची काही रीत आहे का? ‘चर्चा’ या शब्दाऐवजी उद्दिष्ट कसे लिहावे? आणि अजेंडा किती आधी पाठवला, तर तो वाचला जातो? पुढचा कॉल पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे.

तासकाटा

यावर माझा अनुभव सरळ आहे. प्रत्येक विषयाला जास्तीत जास्त पाच मिनिटे द्यावीत, पडद्यावर सर्वांना दिसेल असे घड्याळ लावावे आणि वेळ संपली की बोलणाऱ्याला मध्येच थांबवून पुढच्या विषयाकडे जावे. दोन-तीन कॉलमध्ये लोकांना सवय लागते. आमच्या गटात यामुळे एक तासाचा कॉल पस्तीस मिनिटांवर आला आहे.

जुना_सचिव

तासकाटा यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पटतो. घड्याळ सर्वांना दिसले पाहिजे, हे खरेच आहे. पण सर्व विषयांना समान वेळ देणे म्हणजे ज्या विषयावर निर्णय हवा आहे त्याला आणि ज्याची फक्त माहिती द्यायची आहे त्याला एकाच मापाने मोजणे होय. पाच मिनिटांनी थांबवलेला निर्णय कॉलमध्ये झालेला नसतो. तो नंतर चार जणांच्या निरोपांतून होतो आणि उरलेल्या पाच जणांना त्याचा पत्ता नसतो. कॉल पस्तीस मिनिटांवर आला यापेक्षा त्या पस्तीस मिनिटांत काय काय ठरले, हे मोजून पाहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आता शब्दसाखळी यांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. मिनिटे ठरवण्यासाठी विषयाच्या नावाकडे न पाहता त्या विषयावर कोण कोण बोलणार आहे, याची गणती करावी. तुम्ही नऊ जण आहात. ‘जुनी प्रणाली बंद करण्याबाबत चर्चा’ असे लिहिल्यावर नऊही जणांना आपण बोलणे अपेक्षित आहे असे वाटते. प्रत्येकाने दोनच मिनिटे घेतली तरी अठरा मिनिटे होतात, आणि तोवर कोणी कोणाला उत्तरही दिलेले नसते. म्हणजे पंधरा मिनिटांचा आकडा पाठवण्याच्या क्षणीच चुकलेला होता. कॉल चालवण्यात तुमचे काही चुकले असे नाही. ती बेरीज आधी मांडली गेली नव्हती, इतकेच.

मी अशी बेरीज करतो. विषय मांडणाऱ्याला चार मिनिटे. समजून घेण्यासाठीच्या प्रश्नांना पाच. ज्यांचे मत घेतल्याशिवाय निर्णय करता येत नाही अशा प्रत्येकाला दोन मिनिटे. तुमच्याकडे असे किती जण आहेत हे तुम्हीच सांगू शकाल, पण मी चार धरतो, म्हणजे आठ मिनिटे. मतभेद उरले तर ते मिटवण्यासाठी सहा. शेवटी ठरलेले वाक्य मोठ्याने वाचून दाखवणे आणि पुढचे काम कोण, कधीपर्यंत करणार हे नोंदवणे यासाठी दोन. एकूण पंचवीस होतात. ही पंचवीस मिनिटे तासात बसत नसतील, तर विषय कमी करावेत. मिनिटे कमी करू नयेत.

आढाव्याबद्दल एकच सांगतो : तो कॉलमधून काढून टाका. प्रत्येकाने आपल्या कामाची दोन ओळींची स्थिती सोमवारी दुपारपर्यंत लिहून पाठवावी आणि कॉलमध्ये फक्त अडलेले काम यावे. तेही ज्याच्याकडे ते अडले आहे तो माणूस कॉलवर असेल तरच.

कागदपेटी

इतिवृत्त लिहिण्याच्या बाबतीत आमच्या संस्थेत एक चांगली पद्धत आहे. बैठक संपल्यापासून चोवीस तासांच्या आत इतिवृत्ताचा मसुदा सर्वांना जातो, तीन दिवसांत दुरुस्त्या मागवल्या जातात आणि त्यानंतर ते कायम समजले जाते. त्यात कोण काय बोलले हे न लिहिता ठराव, जबाबदार व्यक्ती आणि मुदत एवढेच लिहावे. तुमच्या गटात हे केले, तर वाद होणार नाहीत.

शब्दसाखळी

कागदपेटी, माझा प्रश्न कॉलच्या आधी पाठवण्याच्या अजेंड्याविषयी होता. इतिवृत्त आम्ही साधारण असेच लिहितो. तरीही तुमच्या उत्तरामुळे एक गोष्ट लक्षात आली. मी अजेंडा तयार करताना मागचे इतिवृत्त उघडतच नव्हते. आज उघडून पाहिले, तेव्हा तीन कामांची मुदत पुढच्या कॉलच्या आत संपते आहे आणि त्यातली दोन या निर्णयासाठीच लागणार आहेत, असे दिसले. त्या दोघांना मी आजच विचारले आहे.

जुना_सचिव, बेरीज पटली. मत घेतलेच पाहिजे असे खरोखर चारच जण आहेत : तांत्रिक बाजू पाहणारे, तक्रार कक्षाच्या प्रमुख, प्रशिक्षण देणारे आणि हिशेब पाहणारे. उद्दिष्टाविषयी मात्र अजून अडते आहे. ‘जुनी प्रणाली बंद करण्याची तारीख ठरवणे’ एवढे लिहिले, तर पुरेल का?

जुना_सचिव

‘चर्चा’पेक्षा ते बरेच चांगले आहे, पण त्यात अजून दोन गोष्टी आल्या पाहिजेत. उद्दिष्ट प्रश्नाच्या रूपात लिहा आणि ज्यांतून निवड करायची आहे ते पर्याय त्यातच द्या. ‘जुनी प्रणाली पंधरा तारखेला बंद करायची की महिनाअखेरीस?’ असा प्रश्न समोर आला की वाचणारा मनातल्या मनात एक बाजू घेऊनच येतो. ‘तारीख ठरवणे’ असे लिहिले, तर कोणीतरी दोन महिन्यांनंतरची तारीख सुचवतो आणि चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिसरा पर्याय कोणाला मांडायचाच असेल, तर तो कॉलच्या आदल्या दिवसापर्यंत लेखी यावा, असे अजेंड्यातच लिहावे.

दुसरी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगाची आहे : आज ठरले नाही तर काय होईल, हे लिहून ठेवा. उदाहरणार्थ, ‘आज निर्णय न झाल्यास महिनाअखेर ही तारीख धरून तांत्रिक गट काम सुरू करेल.’ असे वाक्य असले की विषय पुढे ढकलणे हीसुद्धा एक निवड होते आणि ती कोणाच्या नकळत होत नाही. निर्णय अंतिमतः कोणाचा, तेही एका ओळीत लिहा. नऊ जणांचे एकमत हवे आहे, की चौघांचे मत ऐकून एक जण ठरवणार आहे, हे आधी माहीत नसेल, तर पंचवीस काय, पन्नास मिनिटेही पुरत नाहीत.

उद्दिष्ट नीट लिहिले गेले आहे का, हे तपासण्यासाठी मी एक प्रश्न विचारतो. कॉलला न आलेल्या माणसाने दुपारी ‘ते झाले का?’ असे विचारले, तर तुम्हाला हो किंवा नाही असे उत्तर देता येईल का? ‘प्रशिक्षणाबाबत चर्चा’ झाली का, याचे उत्तर नेहमीच ‘हो’ असते आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘पहिल्या दोन तुकड्यांत कोण बसणार, हे ठरले का?’ याचे उत्तर देता येते.

नववी_खुर्ची

मी कॉल बोलावणाऱ्यांपैकी नाही. मी आठवड्याला दहा-बारा कॉलना बोलावला जाणारा माणूस आहे. अजेंडा का वाचला जात नाही, हे त्या बाजूने सांगतो.

मी अजेंडा उघडतो तेव्हा सर्वांत आधी माझे नाव शोधतो. ते कुठेच नसेल, तर मी तो बंद करतो आणि कॉलवर नुसता ऐकत बसतो. ‘प्रशिक्षण, १५ मिनिटे’ यासमोर ‘तुमच्याकडून हवे : तुमच्या गटातले कोण पहिल्या तुकडीत मोकळे आहे’ असे लिहिलेले असेल, तर मी ती माहिती आदल्या दिवशी गोळा करतो, कारण नऊ जणांसमोर ‘बघून सांगतो’ असे म्हणणे मला आवडत नाही. कोणाकडून काय हवे हे नावानिशी लिहिलेले नसेल, तर मला तरी अजेंड्याचा काही उपयोग होत नाही.

दुसरी अडचण सोबतच्या कागदांची आहे. मागे एका कॉलसाठी बावीस पानांचा अहवाल जोडून ‘वाचून यावे’ असे लिहिले होते. तो मी वाचला नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे इतर कोणीही वाचला नाही. त्याऐवजी ‘पान ४ आणि ५ वाचा, सहा मिनिटे लागतील’ असे लिहिले असते, तर मी नक्की वाचले असते. आणि कृपया दुवा पाठवण्याआधी तो दुसऱ्या कोणाच्या खात्यातून उघडून पाहावा. अजेंडा वेळेवर यावा आणि त्यातला कागद उघडायला गेले की परवानगी मागणारा पडदा समोर यावा, हे माझ्या बाबतीत इतक्या वेळा झाले आहे, की आता मी दुसऱ्यांदा प्रयत्नच करत नाही.

सातवे_रेखावृत्त

किती आधी पाठवावा, या प्रश्नावर मला बोलायचे आहे. आमचा गट तीन देशांत पसरलेला आहे आणि सुरुवातीला आमचा नियम ‘अठ्ठेचाळीस तास आधी’ असा होता. सोमवारच्या कॉलचा अजेंडा शनिवारी जायचा आणि नियम पाळला गेला असे आम्हाला वाटायचे, पण वाचायला कामाचा एक तासही मिळालेला नसायचा. एका कार्यालयाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी असते, त्यांच्या बाबतीत हिशेब वेगळाच व्हायचा. आता आम्ही तासांऐवजी ‘सर्वांच्या कामाचे पूर्ण दोन दिवस’ असे मोजतो.

एक धोका मात्र आवर्जून सांगते. कॉलचे निमंत्रण प्रत्येकाच्या कॅलेंडरमध्ये त्याच्या स्थानिक वेळेनुसार दिसते, पण निमंत्रणाच्या मजकुरात आपण हाताने लिहिलेली ‘११:२८’ ही वेळ कोणासाठीही बदलत नाही. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळे एक तासाने पुढे-मागे होतात, त्या आठवड्यांत तर गोंधळ ठरलेलाच असतो. एका सहकाऱ्याला फक्त एका विषयासाठी बोलावले होते. तो अजेंड्यातली वेळ पाहून तासाभराने उशिरा आला आणि तोवर कॉल संपला होता. तेव्हापासून आम्ही घड्याळाची वेळ न लिहिता ‘मिनिट ३ ते २८’ असे लिहितो.

जुना_सचिव

हे मला नवीन आहे आणि पटण्यासारखे आहे. मी नेहमी घड्याळाची वेळ लिहितो, कारण ‘२५ मिनिटे’ लिहिले की आपण किती मागे पडलो, हे कोणाला कळत नाही आणि ‘११:२८ पर्यंत’ लिहिले की सर्वांना दिसते. तुमच्या पद्धतीत दोन्ही साधते. एकाच ठिकाणच्या गटासाठी मात्र मी घड्याळाचीच वेळ लिहीन, कारण कॉल सुरू होऊन किती मिनिटे झाली हे मनात मोजत बसावे लागत नाही.

शब्दसाखळी (गुरुवार)

आमचा गट एकाच शहरात आहे, त्यामुळे घड्याळाची वेळ ठेवते. सर्वांच्या सूचना घेऊन पुढच्या कॉलसाठी मसुदा केला आहे. पाठवायला अजून आठ दिवस आहेत, तेव्हा निःसंकोचपणे दोष दाखवा.

```
मंगळवार, ११:०० ते १२:००

११:००  सुरुवात; आजचे तीन प्रश्न वाचून दाखवणे

११:०३  जुनी प्रणाली १५ तारखेला बंद करायची
       की महिनाअखेरीस?                    (निर्णय)
       मांडणार : तांत्रिक गट
       मत हवे : तक्रार कक्ष, प्रशिक्षण,
       हिशेब, तांत्रिक गट
       ठरवणार : प्रकल्पप्रमुख
       आज न ठरल्यास : महिनाअखेर
       आधी वाचा : टिपण, १ पान, ४ मिनिटे

११:२८  पहिल्या दोन प्रशिक्षण तुकड्यांत कोण?  (निर्णय)
       प्रत्येक गटाने दोन नावे घेऊन यावे

११:४०  वाढीव खर्च मान्य आहे का?            (निर्णय)
       मांडणार व ठरवणार : प्रकल्पप्रमुख
       आधी वाचा : तक्ता, २ मिनिटे

११:४८  ठरलेले वाचून दाखवणे; कोण, काय, कधीपर्यंत

११:५३  राखीव वेळ
```

आयत्या वेळचे विषय काढून टाकले आहेत. सात मिनिटे कोणत्याही विषयाला दिलेली नाहीत.

तासकाटा

मी आधी लिहिले होते त्यापेक्षा हे चांगले आहे, हे मान्य करतो. आमच्या कॉलमध्ये काय ठरते ते मी कालच्या नोंदींत तपासले, तर पाचपैकी दोन विषयांपुढे ‘नंतर बोलू’ असेच लिहिलेले होते. तरी एक शंका आहे. राखीव वेळ कागदावर दिसली, की लोक ती खर्च करतात. ती अजेंड्यात न लिहिता कॉल सात मिनिटे आधी संपेल असे लिहावे आणि मनात ठेवावी.

जुना_सचिव

तासकाटा यांची शंका योग्य आहे. यावर माझे स्वतःचे मत अजून ठाम नाही. राखीव वेळ लपवली, तर ती असल्याचे दुसऱ्या-तिसऱ्या कॉलमध्ये सर्वांना कळतेच. मी ती लिहितो, पण सर्वांत शेवटी ठेवतो आणि ती फक्त पहिल्या निर्णयासाठी वापरायची असे आधी सांगतो.

मसुद्यात एक दोष दिसतो. वाढीव खर्च पडताळणाऱ्या हिशेबाच्या व्यक्तीचे नाव तिसऱ्या प्रश्नात नाही. खर्च मांडणारा आणि ठरवणारा एकच असेल, तर बाकीच्यांनी कॉलवर काय करायचे, हे कळत नाही. आणि आठ मिनिटांविषयी सावध राहा. १९५७ मध्ये ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी एका काल्पनिक वित्त समितीचे उदाहरण दिले होते. त्यात अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत संमत होतो आणि सायकलींसाठीच्या छपरावर पाऊण तास वाद होतो, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही आणि छप्पर सर्वांना कळते. तुमच्या गटात जुनी प्रणाली बंद करण्याचे तांत्रिक बारकावे दोघांनाच कळत असतील, पण खर्चाचा तक्ता सर्वांना वाचता येतो. म्हणून खर्चाला कमी मिनिटे दिली आणि तो शेवटच्या भागात ठेवला, हा क्रम योग्य आहे. तक्त्यातल्या मोठ्या दोनच ओळी वाढल्या असतील, तर तेवढ्याच पाठवा.

नववी_खुर्ची

माझ्यासारख्यासाठी एक बदल सुचवतो. ‘प्रत्येक गटाने दोन नावे घेऊन यावे’ यात ‘प्रत्येक’ म्हणजे कोण, हे मला शोधावे लागेल. गटांची नावेच लिहा. आणि अजेंडा वेगळ्या निरोपात न पाठवता निमंत्रणाच्या मजकुरात ठेवा, कारण अकरा वाजायला दोन मिनिटे असताना मी तेच उघडतो. आठवण म्हणून वेगळा निरोप पाठवायला माझी हरकत नाही, पण मजकूर एकाच ठिकाणी असावा, नाहीतर दोन प्रती वेगळ्या होतात.

सातवे_रेखावृत्त

आधी वाचून येण्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आम्ही वर्षभर विनंती केली, आठवणी पाठवल्या, तरी अर्धे लोक वाचून येत नव्हते. मग आम्ही पहिली सहा मिनिटे कॉलवरच शांतपणे टिपण वाचायला देऊ लागलो. अॅमेझॉनमध्ये २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतली सादरीकरणे बंद करून अशीच लेखी टिपणे बैठकीच्या सुरुवातीला वाचण्याची पद्धत आणली गेली होती, तिथूनच आम्हाला ही कल्पना मिळाली. त्यामुळे सर्वांची सुरुवात एकाच जागेवरून होते.

जुना_सचिव

माझा याला विरोध नाही, पण नऊ जणांची सहा मिनिटे म्हणजे चोपन्न माणूस-मिनिटे होतात, आणि जे वाचून आलेले असतात त्यांना पुढच्या वेळी वाचून यावेसे वाटत नाही. एका पानाच्या टिपणासाठी मी असे करणार नाही. गुंतागुंतीचा मजकूर असेल, तर वेगळा विचार करावा लागेल.

सातवे_रेखावृत्त

वाचून आलेल्यांवर अन्याय होतो, हे खरे आहे. पण न वाचलेले तीन जण प्रश्नोत्तरांत तेवढीच मिनिटे खातात आणि ती अजेंड्यात कुठेच लिहिलेली नसतात. आम्ही सध्या तरी हीच पद्धत ठेवली आहे.

शब्दसाखळी (कॉल झाल्यानंतरचा बुधवार)

कॉल काल झाला. सूचनांप्रमाणे खर्चाच्या विषयात हिशेबाच्या सहकाऱ्यांचे नाव घातले, गटांची नावे लिहिली आणि अजेंडा शुक्रवारी सकाळी दहा वाजता निमंत्रणात टाकला, म्हणजे शुक्रवार आणि सोमवार असे दोन पूर्ण दिवस मिळाले. टिपणाचा दुवा एका सहकाऱ्याच्या खात्यातून उघडून पाहिला, तेव्हा तो खरोखरच उघडत नव्हता. तो पाठवण्याआधीच दुरुस्त करता आला. कामांची स्थिती सोमवारी दुपारपर्यंत सात जणांनी लिहून पाठवली, दोघांनी पाठवली नाही.

प्रणाली महिनाअखेरीस बंद करायची, हे ठरले. पण तो विषय ११:२८ ऐवजी ११:३७ ला संपला. प्रशिक्षणाची नावे सर्व गटांनी आणली होती, त्यामुळे ते बारा मिनिटांत, म्हणजे ११:४९ ला आटोपले. त्यानंतर मी खर्च घ्यायचा की नाही, हे दोन क्षणांत ठरवायचे होते. राखीव सात मिनिटे धरली, तरी दोन कमी पडत होती. मी तसे सर्वांना सांगितले आणि खर्चाला आठऐवजी सहाच मिनिटे दिली. तक्त्यातल्या दोनच ओळी होत्या, हिशेबाच्या सहकाऱ्यांनी त्या आधीच तपासल्या होत्या, त्यामुळे खर्च मान्य झाला आणि ११:५५ ला ठरलेले वाचायला सुरुवात केली. बारा वाजता कॉल संपला.

नऊ मिनिटे जास्त का लागली, हे मला समजून घ्यायचे आहे. पुढच्या वेळी पहिल्या विषयाला पस्तीस मिनिटे लिहावीत का?

जुना_सचिव

आकडा वाढवण्याआधी त्या नऊ मिनिटांत नेमके काय बोलले गेले, ते आठवून पाहा. माझ्या अनुभवात जास्तीची मिनिटे तीनपैकी एका कारणाने जातात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. लोक माहिती विचारत असतील, तर टिपणात काहीतरी राहिले होते. तीच मते पुन्हा पुन्हा मांडत असतील, तर निर्णय कोणाचा हे त्यांना पटलेले नव्हते. आणि कोणी वेगळाच विषय काढला असेल, तर तो बाजूला लिहून ठेवून पुढे जायला हवे होते.

शब्दसाखळी

नोंदी पाहिल्या. तक्रार कक्षाच्या प्रमुखांनी आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी दोघांनीही एकच विचारले होते : जुन्या तक्रारींसोबत जोडलेली कागदपत्रे नव्या प्रणालीत दिसतील का. याचे उत्तर तांत्रिक गटाकडे होते, पण ते शोधून सांगेपर्यंत सहा-सात मिनिटे गेली. उरलेली दोन-तीन मिनिटे माझ्याच चुकीने गेली. पहिल्या प्रश्नाचे पर्याय मी पुन्हा सविस्तर समजावत बसले, जे टिपणात होते.

जुना_सचिव

म्हणजे पंचवीस मिनिटांचा अंदाज बरोबर होता आणि टिपणात एक परिच्छेद कमी होता. टिपण पाठवताना ‘तुमचा एक प्रश्न सोमवारी दुपारी चारपर्यंत कळवा’ अशी ओळ त्या चौघांना घाला. कामाची स्थिती पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जरी प्रश्न कळवला, तरी तांत्रिक गटाला उत्तर शोधायला वेळ मिळेल. पस्तीस लिहिलेत, तर पस्तीस लागतील.

कागदपेटी

शब्दसाखळी, एक विचारतो. अजेंडा गेल्यानंतर, म्हणजे सोमवारी, कोणी नवीन विषय पाठवला तर तुम्ही तो घेता का? आमच्याकडे सूचनेत नसलेला विषय औपचारिक बैठकीत घेता येत नाही, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही. साध्या कॉलमध्ये काय करतात?

शब्दसाखळी

या वेळी तसे झाले नाही, पण त्याच्या जवळचे झाले. प्रकल्पप्रमुखांनी सुरुवातीच्या तीन मिनिटांत एक नवीन बातमी सांगायला घेतली. ती महत्त्वाची होती आणि आठ मिनिटे चालली असती, पण त्यांनी स्वतःच अजेंडा पाहून ती शेवटी सांगतो असे म्हटले, आणि शेवटी वेळ उरला नाही. आता ती बातमी लेखी आली आहे. पुढच्या वेळी ते थांबतीलच असे मी धरून चालू शकत नाही, आणि वरिष्ठांना मध्येच थांबवणे माझ्या हातात नाही.

तासकाटा

त्यांच्यासाठी पाच मिनिटे अजेंड्यात आधीच ठेवा. वापरली नाहीत, तर पुढच्या विषयाला मिळतील.

नववी_खुर्ची

मला हे पटत नाही. नाव लिहून वेळ ठेवली की ती भरली जाईल आणि पाच मिनिटांची बातमी दर वेळी दहा मिनिटांची होईल. त्याऐवजी अजेंड्याचा मसुदा गुरुवारी फक्त त्यांना पाठवून ‘यात काही घालायचे आहे का’ असे विचारावे. घातले, तर ते इतर विषयांसारखे प्रश्नाच्या रूपात आणि मिनिटांसह येईल.

शब्दसाखळी

पुढच्या कॉलसाठी दुसरा मार्ग करून पाहते. गुरुवारी दुपारी मसुदा त्यांना जाईल आणि शुक्रवारी दहा वाजता सर्वांना. सध्या यादीत दोनच प्रश्न आहेत : जुन्या कागदपत्रांपैकी किती वर्षांची नव्या प्रणालीत आणायची, आणि महिनाअखेरीच्या रात्री प्रत्यक्ष बदलाच्या वेळी कोण हजर राहणार. दुसरा प्रश्न लेखी सुटला, तर तो अजेंड्यातून काढून कॉल पंचेचाळीस मिनिटांचा करेन.